आठ जण, दोन कोर्ट: दर राऊंडला पार्टनर बदलणारा बॅडमिंटनचा तक्ता कसा लावायचा

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठल्याबी गावातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये सकाळी सहाला जाऊन बघा, चित्र एकच. दोन कोर्ट, आठ-नऊ माणसं, आणि तेच चार जण तासभर एकमेकांसंगं खेळायलेत. बाकीचे कट्ट्यावर बसून बूट सोडायलेत-बांधायलेत. नवीन आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही पण कुणी पार्टनर म्हणून घेत पण नाही. महिना दोन महिने असं चाललं की तो माणूस यायचा बंद होतो आणि मग ग्रुपवर मेसेज पडतो की कोर्टाचं भाडं परवडंना, माणसं वाढवा.

यावर साधा इलाज आहे आणि त्याला कुठलं अॅप लागत नाही. मी आमच्या सकाळच्या ग्रुपचा तक्ता लावतो, मला रोज कुणीतरी विचारतं की हे कसं काढलं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. मेन गोष्ट आठ जण आणि दोन कोर्ट यांचीच सांगणार आहे कारण बहुतेक ठिकाणी हाच हिशोब असतो, नऊ आणि दहा झाले तर काय ते शेवटी सांगतो.

काय काय लागतं

एक व्हाईटबोर्ड नाहीतर जाड पुठ्ठा, मार्कर, १ ते ८ आकड्यांच्या चिठ्ठ्या किंवा टोकन (कॅरमच्या सोंगट्यांवर आकडे लिहिले तरी चालतं), मोबाईलचा टायमर, आणि गुण लिहायला एक वही. शटल किती लागतात ते तुम्ही नायलॉनचं वापरता का पिसांचं त्यावर आहे, पण राऊंड सुरू व्हायच्या आधी दोन्ही कोर्टावर एकेक जादा शटल ठेवा, नाहीतर शटल शोधण्यात वेळ जातो. एवढंच.

१. आधी हिशोब समजून घ्या, मग तक्ता पाठ करायची गरज नाही

आठ माणसांत जोड्या किती होतात? २८. प्रत्येकाला दुसरे सात जण पार्टनर होऊ शकतात, आठ गुणिले सात छप्पन्न, त्याचं अर्धं २८. आता दोन कोर्टावर एका राऊंडला चार जोड्या खेळतात. २८ भागिले ४ म्हणजे ७. म्हणजे बरोब्बर सात राऊंडमध्ये प्रत्येकजण प्रत्येकाचा एकेकदा पार्टनर होऊ शकतो, एकबी जोडी परत नाही आणि एकबी जोडी सुटलेली नाही.

समोरच्यांचं काय? एका मॅचमध्ये तुमच्या समोर दोघं असतात, सात राऊंडमध्ये चौदा, आणि माणसं सातच. म्हणून प्रत्येकजण तुमच्या विरुद्ध दोनदा येणार. याच्यापेक्षा सारखी वाटणी होऊच शकत नाही. काही जण म्हणतात की विरुद्ध पण एकदाच यायला पाहिजे, तर आठ जण दोन कोर्टावर सात राऊंड खेळणार असतील तर ते शक्यच नाही, भांडून उपयोग नाही.

हा काही मी लावलेला शोध नाही बरं का. व्हिस्ट नावाचा पत्त्याचा खेळ आहे, आपल्या मेंढीकोटसारखाच, चार जण, समोरासमोर पार्टनर, हुकूम वगैरे. त्या खेळाच्या स्पर्धेसाठी लोकांनी असले तक्ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच काढून ठेवलेत आणि गणितात त्याला व्हिस्ट टूर्नामेंट असंच म्हणतात. आपण फक्त पत्त्याच्या टेबलाच्या जागी कोर्ट ठेवायचं.

आता तुम्ही म्हणाल दर राऊंडला चिठ्ठ्या टाकल्या तर काय बिघडलं. बिघडतं. आठ जणांत सात वेळा चिठ्ठ्या टाकल्या तर तुम्हाला सातही वेळा वेगळा पार्टनर यायचा चान्स १६३ मध्ये साधारण १ आहे. बाकी वेळेला कुणीतरी परत येणार, आणि ज्याला तोच कच्चा पार्टनर तीनदा आला तो म्हणणार चिठ्ठ्या दुमडून टाकल्या होत्या.

२. पहिली ओळ लिहा आणि चाक फिरवा

बोर्डावर ही एक ओळ लिहायची:

८-१ विरुद्ध ५-६, आणि दुसऱ्या कोर्टावर २-४ विरुद्ध ३-७

बस, एवढी एकच ओळ लक्षात ठेवायची. पुढच्या राऊंडला प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा. १ चा २, २ चा ३ असं. ७ चा परत १ करायचा. आणि ८ ला हात लावायचा नाही, तो जिथल्या तिथं. सात वेळा केलं की तक्ता तयार:

राऊंड १: ८-१ वि. ५-६ | २-४ वि. ३-७
राऊंड २: ८-२ वि. ६-७ | ३-५ वि. ४-१
राऊंड ३: ८-३ वि. ७-१ | ४-६ वि. ५-२
राऊंड ४: ८-४ वि. १-२ | ५-७ वि. ६-३
राऊंड ५: ८-५ वि. २-३ | ६-१ वि. ७-४
राऊंड ६: ८-६ वि. ३-४ | ७-२ वि. १-५
राऊंड ७: ८-७ वि. ४-५ | १-३ वि. २-६

एका माणसाचं तपासून बघा म्हणजे विश्वास बसंल. १ नंबरवाल्याचे पार्टनर ओळीनं ८, ४, ७, २, ६, ५, ३. सगळे आले, एकेकदाच. त्याच्या विरुद्ध कोण कोण? ५-६, ३-५, ८-३, ८-४, ७-४, ७-२, २-६. मोजा, प्रत्येकजण दोनदा.

ज्यांना हातानं लिहायचा कंटाळा आहे त्यांनी मोबाईलवर एक्सेल नाहीतर गुगल शीट उघडा, पहिल्या ओळीत A1 पासून H1 पर्यंत आठ खान्यांत `8 1 5 6 2 4 3 7` हे आकडे एकेक करून टाका, आणि A2 मध्ये हे:

```
=IF(A1=8,8,MOD(A1,7)+1)
```

हे H2 पर्यंत ओढा, मग खाली सातव्या ओळीपर्यंत ओढा. वरच्यासारखाच तक्ता येतो.

चुकलं का नाही ते कळायच्या दोन खुणा आहेत. एक, प्रत्येक ओळीतल्या आठ आकड्यांची बेरीज ३६ यायलाच पाहिजे, नाही आली म्हणजे कुणीतरी दोनदा आलाय नाहीतर गायब आहे. दोन, ८ चा पार्टनर म्हणजेच राऊंडचा नंबर. राऊंड ५ ला ८ बरोबर ५ नसला तर तुम्ही मधली एखादी ओळ गाळलीय. सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे ७ नंतर सवयीनं ८ लिहिणं, मग ओळीत दोन ८ येतात आणि १ कुठंच नसतो, कोर्टावर जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

३. कुणाला कुठला नंबर द्यायचा, खरी मेख इथं आहे

तक्ता इंटरनेटवर पण सापडतो. पण बहुतेक लोक नंबर चिठ्ठीनं वाटतात आणि मग बोंबलतात की मॅच एकतर्फी होतात. तक्त्याला खेळ कळत नाही, त्याला सगळे सारखेच. दोन एकदम तगडे आणि दोन एकदम नवे असतील तर नंबर डोकं लावून वाटायचे.

नियम सांगतो: दोन तगड्यांना ७ आणि ८ द्या, दोन नवख्यांना ४ आणि ५ द्या. राहिलेले चौघं मधले, त्यांना १, २, ३, ६ कसेबी.

आता हे आमच्यासारख्या एखाद्या ग्रुपवर लावून बघू. ८ म्हणजे कॉलेजचं पोरगं, ७ म्हणजे पीटीचे सर, हे दोघं तगडे. ४ म्हणजे नुकत्याच यायला लागलेल्या वहिनी, ५ म्हणजे बँकेतनं रिटायर झालेले काका. मधले म्हणजे १ मेडिकलवाले भाऊ, २ डॉक्टर मॅडम, ३ वकील साहेब, ६ हार्डवेअरवाले अण्णा.

राऊंड २ बघा. पहिल्या कोर्टावर पोरगं आणि डॉक्टर मॅडम विरुद्ध अण्णा आणि पीटी सर. दोन्हीकडं एकेक तगडा. दुसऱ्या कोर्टावर वकील साहेब आणि काका विरुद्ध वहिनी आणि मेडिकलवाले, दोन्हीकडं एकेक नवखा. म्हणजे वहिनींच्या अंगावर स्मॅश मारणारं कोर्टावर कुणीच नाही, आरामात रॅली होतात.

राऊंड ३ पण तसाच. पोरगं आणि वकील साहेब विरुद्ध सर आणि मेडिकलवाले, तिकडं वहिनी-अण्णा विरुद्ध काका-मॅडम.

राऊंड ४ मध्ये पोरगं आणि वहिनी एका बाजूला, समोर मेडिकलवाले आणि डॉक्टर मॅडम. तगडा अधिक नवखा विरुद्ध दोन मधले. शेजारी काका आणि सर विरुद्ध अण्णा आणि वकील साहेब, तेच. राऊंड ५ ला पोरगं काकांबरोबर आणि सर वहिनींबरोबर, समोर दोन्हीकडं मधली जोडी. म्हणजे २, ३, ४, ५ या चार राऊंडमध्ये आठच्या आठ मॅच कागदावर बरोबरीच्या आहेत. नवख्याला दोन्ही तगड्यांबरोबर एकेकदा खेळायला मिळतं ते वेगळंच, आणि वहिनी-काकांचा खेळ सुधारायचा असंल तर राऊंड ४ आणि ५ मध्येच सुधरंल.

राऊंड १ आणि ६ थोडे झुकलेले आहेत, तगडा आणि मधला विरुद्ध मधला आणि नवखा. चालतंय, पंधराच्या गेमला नवखा असलेल्या बाजूला दोन-तीन गुण आधीच देऊन टाका.

राऊंड ७ मात्र खतरनाक. पोरगं आणि सर एका बाजूला, वहिनी आणि काका दुसऱ्या. आता प्रत्येकाला प्रत्येकाचं पार्टनर व्हायचं म्हटल्यावर दोन तगडे कधीतरी एकत्र येणारच, त्याला पर्याय नाही, पण ते कधी आणि कुणासमोर येणार हे आपल्या हातात आहे. हा राऊंड तुम्हाला नकोच असंल तर सरळ टाकून द्या. वेळ कमी असंल तर असंबी काहीतरी टाकावंच लागतं, तेव्हा पहिल्यांदा ७ टाकायचा, मग ६, मग १. चारच राऊंड होणार असतील तर २, ३, ४, ५ खेळा आणि घरी जा. राऊंडच्या क्रमाला काही अर्थ नाही, वरच्या ओळी खाली करा, खालच्या वर करा, जोड्या त्याच राहतात.

सातवा खेळायचाच असंल तर शेवटाला ठेवा आणि वहिनी-काकांना आठ गुणांवरनं सुरू करू द्या, किंवा तगड्यांनी स्मॅश मारायचा नाही, फक्त ड्रॉप आणि टॉस, असं ठरवा. आमच्याकडं दुसरं जास्त चालतं कारण गुण दिलेले काकांना आवडत नाहीत.

एक सांगून ठेवतो, तगडा कोण आणि नवखा कोण हे बोर्डावर लिहायचं नाही. नंबर गुपचूप वाटायचे. कुणी विचारलं तर "आलेल्या क्रमानं दिले" म्हणायचं. मधल्या माणसाला तुम्ही नवख्याचा नंबर दिलात हे त्याला कळलं की तक्त्यापेक्षा मोठं भांडण होतं.

४. वेळ कसा बसवायचा

दोन तासाचं बुकिंग धरू, सहा ते आठ. वॉर्मअप, नेट ताणणं, उशिरा येणारे, यात पंधरा-वीस मिनिटं जातातच. उरले शंभर मिनिटं. सात राऊंड म्हणजे राऊंडला चौदा मिनिटं, त्यातनं बदलायला दोन मिनिटं काढा, बारा राहिले. २१ चा गेम डबल्सला बारा मिनिटात संपंल याची गॅरंटी नाही, दोन्ही जोड्या सारख्या असतील आणि २०-२० झालं तर २२, २३ करत नियमाप्रमाणं ३० पर्यंत जाऊ शकतो. म्हणून सोशल खेळाला १५ चा एकच गेम ठेवा आणि १४-१४ झालं तर पुढचा गुण जो घेईल तो जिंकला. ड्यूस नाही. यावर जुने लोक कुरकुर करतात, करू द्या.

१५ च्या बदली टायमर लावला तरी चालतं, बारा मिनिटाला बेल, पुढं असंल तो जिंकला, बरोबरी असंल तर एक गुण आणखी. पण मग एक ट्रॅप आहे. टायमरवर खेळताना एकूण गुण मोजून नंबर काढू नका, कारण ज्या कोर्टावर रॅली लांब चालतात तिथं गुणच कमी होतात आणि चांगला खेळणारा मागं राहतो. टायमर असंल तर जिंकलेल्या मॅच मोजा आणि बरोबरीला गुणांचा फरक बघा. १५ चा गेम असंल तर एकूण गुण मोजले तरी चालतंय.

गुण माणसागणिक लिहायचे, जोडीला नाही, कारण जोडी तर दर राऊंडला मोडते. १५-९ असा निकाल आला तर जिंकलेल्या दोघांच्या नावावर १५-१५ आणि हरलेल्या दोघांच्या नावावर ९-९. राऊंड ७ ला गुण देऊन सुरुवात केली असंल तर ते दिलेले गुण वहीत धरायचे का नाही हे आधीच ठरवा. मी धरत नाही.

आणि दोन्ही कोर्टाचा राऊंड एकदमच सुरू झाला पाहिजे. एक कोर्ट लवकर संपलं की तिथले चौघं म्हणतात आम्ही तवर एक गेम अजून खेळतो, आणि तिथंच तक्त्याची वाट लागते, दुसरं कोर्ट मोकळं होतं, हे निम्म्यात, मग ते पण एक जादा खेळतात आणि साडेसात वाजता तुमचे तीनच राऊंड झालेले असतात. रिकाम्या वेळेला पाणी प्या, सर्व्हिस मारत बसा, पण गेम सुरू करायचा नाही.

५. कोर्टाचा भेदभाव

तक्त्यात ८ नंबर कायम डावीकडच्या मॅचमध्ये आहे. तुम्ही डावी मॅच कायम एक नंबर कोर्टावर लावली तर ८ वाला सातही राऊंड एकाच कोर्टावर खेळणार. आपल्याकडच्या हॉलमध्ये दोन कोर्ट सारखे कधीच नसतात, एकावर लाईट डोळ्यात येतो, एकाच्या वरचा पत्रा उन्हाळ्यात साडेसातलाच तापतो, एका बाजूला दार उघडं राहिलं की शटल वाहतं. म्हणून विषम राऊंडला डावी मॅच कोर्ट एकवर, सम राऊंडला कोर्ट दोनवर. बोर्डावर बाण काढून ठेवा. गेममध्ये एखादी जोडी ८ गुणांवर पोहोचली की बाजू बदला, १५ च्या गेमला एवढं पुरतं.

६. सातच आले, किंवा मधनंच कुणी गेलं

सात आले तर नवीन तक्ता करत बसू नका, तोच वापरा आणि ८ नंबर रिकामा ठेवा. ८ चा पार्टनर दर राऊंडला वेगळा असतो, राऊंड १ ला १, राऊंड २ ला २. म्हणजे त्या त्या राऊंडला तो एक माणूस एकटा पडतो आणि समोर दोघं. एकट्याला सिंगल्सचं कोर्ट झाकायचं आणि समोरच्या दोघांना डबल्सचं, असा दोन विरुद्ध एक गेम ११ पर्यंत खेळा. सात राऊंडमध्ये प्रत्येकजण एकदाच एकटा पडतो, त्यामुळं रडायला जागा नाही. काकांच्या पाळीला हॉलचा वॉचमन नाहीतर कोचिंगचं एखादं पोरगं उभं करा, त्यांना एकट्याला पळवू नका.

मधनंच कुणी गेलं तरी हेच करायचं, फक्त एक लक्षात ठेवा, गेलेल्याचा नंबर दुसऱ्याला देऊन बाकीच्यांचे नंबर सरकवू नका. नंबर सरकवले की मागचे राऊंड आणि पुढचे राऊंड यांचा संबंध तुटतो आणि जोड्या परत यायला लागतात. कुणाचा फोन वाजला, दुकान उघडायचंय म्हणून निघाला, त्याची जागा रिकामी. त्याच्या जागी नवा माणूस आला तर त्याला तोच नंबर द्या.

आधीच माहीत असंल की कुणाला सात वाजता जायचंय, तर त्यालाच ८ द्या, म्हणजे पुढचे राऊंड वरच्या सातजणांच्या पद्धतीनं आपोआप चालतात. पण मग तगड्याचा नंबर गेला, दोन्ही साधत नाही, त्या दिवशी कुठलं महत्त्वाचं ते तुम्ही ठरवा.

७. नऊ आले तर तीन बाय तीनचा चौकोन

नऊ जण असतील तर एकजण बसणार. याचा तक्ता आठपेक्षा सोपा आहे, लिहायची पण गरज नाही. बोर्डावर असा चौकोन काढा:

१ २ ३
४ ५ ६
७ ८ ९

जो बसणार त्याच्यावर बोट ठेवा. त्याच्या आडव्या ओळीतले दोघं एक जोडी, उभ्या ओळीतले दोघं दुसरी जोडी, ही एक मॅच. राहिले चार. ते चौघं तिरपे जोडायचे, म्हणजे एकमेकांच्या आडव्या-उभ्या ओळीत नसलेले दोघं एकत्र. ही दुसरी मॅच.

५ बसला तर आडवे ४-६ विरुद्ध उभे २-८, आणि कोपऱ्यातले १-९ विरुद्ध ३-७. १ बसला तर २-३ विरुद्ध ४-७, आणि ५-९ विरुद्ध ६-८. ६ बसला तर ४-५ विरुद्ध ३-९, राहिले १, २, ७, ८, तिरपे म्हणजे १-८ विरुद्ध २-७.

नऊ राऊंडमध्ये प्रत्येकजण एकदा बसतो, आठ जणांबरोबर एकेकदा पार्टनर होतो आणि प्रत्येकासमोर दोनदा येतो. नऊ राऊंडला दोन तास कमी पडतात, १५ च्या जागी ११ चा गेम केला तर बसतं. कुणाला आधी बसवायचं याचं उत्तर सोपं आहे, जो उशिरा येणार त्याला पहिल्या राऊंडला बसवा आणि ज्याला लवकर जायचंय त्याची पाळी शेवटाला ठेवा. कमी राऊंड झाले तर दुसऱ्या दिवशी न बसलेल्यांपासून सुरू करा, म्हणून वहीत कोण बसलं ते लिहा.

८. दहा, अकरा, बारा

दहाचं गणित बसत नाही. दहा जणांत ४५ जोड्या आणि एका मॅचला दोन जोड्या लागतात, ४५ विषम, म्हणजे प्रत्येक जोडी एकेकदाच हे होऊच शकत नाही. सहा (१५ जोड्या), सात (२१), अकरा (५५) यांचंबी तेच. बसतं ते चारच्या पटीत, नाहीतर त्याहून एक जादा असतील तेव्हा: ४, ५, ८, ९, १२, १३.

म्हणून दहा आले तर पाच-पाचचे दोन गट करा, एकेक कोर्ट एकेका गटाला. पाचांचा तक्ता:

१ बसला: २-५ वि. ३-४
२ बसला: ३-१ वि. ४-५
३ बसला: ४-२ वि. ५-१
४ बसला: ५-३ वि. १-२
५ बसला: १-४ वि. २-३

पाचजणांना गोल उभं करा, बसणाऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताचे दोघं एक जोडी आणि पलीकडचे दोघं दुसरी, हाच तक्ता निघतो. पाच राऊंड झाले की गट बदला. नव्या गटात जुन्या गटातले कमीत कमी तिघं तरी एकत्र येणारच, तेव्हा दुसऱ्या पाचात थोड्या जोड्या परत येतात, तेवढं चालवून घ्या. गट करताना तगडे एका बाजूला काढू नका, एकेक तगडा आणि एकेक नवखा दोन्हीकडं टाका.

अकरा असतील तर पाच आणि सहा. सहाच्या गटात दर राऊंडला दोघं बसतात, तिथं नेमका तक्ता नाही, फक्त मागच्या राऊंडला बसलेले दोघं पुढच्याला आत, आणि मागची जोडी परत लावायची नाही, एवढं बघायचं.

बारांचा पूर्ण तक्ता आहे पण त्याला तीन कोर्ट आणि अकरा राऊंड लागतात. दोनच कोर्ट असतील आणि रोज बारा यायलेत तर तक्त्याच्या नादी न लागता दोन बॅच करा, सहा ते सात आणि सात ते आठ, आणि आठवड्याला बॅचमधली दोन-तीन माणसं इकडची तिकडं करा.